मालवणीतली फुगडी, पण ऐकणारे नागपूर-साताऱ्याचे: शब्द कुठवर ठेवायचे?

पाटची_पोर

आमच्या सोसायटीत गौरीच्या रात्री बायकांच्या फुगड्या असतात. या वर्षी मालवणी फुगडीचं गाणं मी लिहावं असं ठरलं, कारण इमारतीत सिंधुदुर्गातलं घर आमचं एकट्याचंच. आईचं माहेर परुळ्याचं. मालवणी घरात ऐकत वाढले, लिहिली मात्र कधीच नाही. फेरात उभ्या राहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायका सातारा, नगर, अमरावती, एक इंदूरची मराठी. गाणं ऐकता ऐकता कळलं पाहिजे. मध्येच थांबून अर्थ सांगायचा नाही आणि कागद वाटायचे नाहीत.

पहिलं कडवं असं झालंय:

लोट्यार बसान मारतंय गजाली
खळ्यात सुकता वायंगणचा भात
व्हाळाकडच्या मांगरात म्हातारो
मियां चललंय ओवळा येचूक

आईला फार आवडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान आहे, पण कोण कुठे चाललंय?" काय बदलू? सगळे शब्द मराठी केले तर मालवणी उरणार काय?

रांगडा_पन्हाळा

सोपं आहे की. माका, तुका, खय, नाय आणि ओळीच्या शेवटी गो. बाकी सगळं साधं मराठी. टीव्हीवर तेच करतात आणि सगळ्यांना कळतं.

आणि एवढं घाबरायचं कशाला? 'वस्त्रहरण' १९८० पासून मुंबईत चाललं. बघणारे सगळे काय मालवणी होते? लोकांना भाव कळतो, शब्द नाही कळले तरी चालतं.

वऱ्हाडी_ठेचा

मी अमरावतीचा, म्हणजे तुम्हाला हवा तोच कान. वरचं कडवं एकदाच वाचलं आणि काय समजलं ते प्रामाणिकपणे लिहितो.

कोणीतरी लोटा घेऊन बसलंय. कुठेतरी भात सुकतोय, म्हणजे शिजवलेला भात उरला म्हणून वाळत घातलाय, आमच्याकडे उरलेल्या भाताचे सांडगे घालतात तसा. एक म्हातारा आहे, तो कशात तरी आहे. आणि शेवटी कोणीतरी सोवळं-ओवळं पाळायला चाललंय.

चूक असेल तर हसा, पण असंच ऐकू आलं.

पाटची_पोर

हसले, आणि आईला वाचून दाखवलं तर ती अजून हसतेय. लोटो म्हणजे घरापुढची बसायची जागा, ओटा. भात म्हणजे उभं पीक किंवा झोडलेलं धान्य. ओवळा म्हणजे बकुळीची फुलं. आणि मांगर म्हणजे शेतातलं खोपट, वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं भाताचं दुसरं पीक.

मांगरवालो

मी कुडाळचा. डबलबारी भजनाच्या बुवांना गजर आणि गौळणी लिहून देतो, दशावतारातल्या मंडळींत उठबस आहे. सगळ्यांना कळावं म्हणून मालवणी आवरती घेऊन लिहितो.

वऱ्हाडी भाऊंनी जे सांगितलं त्यात एक गोष्ट बघा. मांगर, वायंगण हे शब्द त्यांना कळले नाहीत, ते त्यांनी सोडून दिले. त्याने नुकसान झालं नाही. नुकसान केलं ते लोटो, भात आणि ओवळा यांनी, कारण हे शब्द त्यांच्या मराठीतही आहेत, अर्थ मात्र वेगळा. अनोळखी शब्द आला की माणूस थांबून वाट बघतो. ओळखीचा वाटणारा शब्द आला की तो भलतीकडे चालू लागतो, आणि आपण भलतीकडे गेलोय हे त्याला कळतही नाही. म्हणून आधी असे शब्द शोधायचे.

पण याहून मोठा घोळ शब्दांत नाही, शेपटीत आहे. 'तो गेलो' हे आमचं साधं वाक्य. नुसतं 'दर्यात गेलो' असं गाण्यात आलं तर घाटावरचा माणूस काय ऐकेल? गाणारा स्वतःच दर्यात गेला असं. उलट 'चेडू इला' म्हणजे मुलगी आली. चेडू आमच्यात नपुंसकलिंगी, आणि तुमचं 'आलं' ते आमचं 'इला'. ऐकणाऱ्याला वाटणार चेडू नावाचा कोणी बाप्या आला.

यावर उपाय एकच: नाव आणि क्रियापद यांची ताटातूट करायची नाही. 'घोव माझो दर्यात गेलो' म्हटलं की 'माझो'तला ओ आणि 'गेलो'तला ओ एकमेकांना धरून चालतात. दोन ओळींत तीन-चार वेळा असं झालं की परक्या कानाला ती सवय लागते. कर्ता एका ओळीत आणि क्रियापद तिसऱ्या ओळीत, ही कवितेतली चैन इथे परवडत नाही.

पन्हाळेकरांचं अर्धं बरोबर आहे. माका-तुका कळतात हे खरं. पण बाकी साधं मराठी ठेवून नुसतं 'गो' शिंपडलं तर आमच्या माणसाला ते लगेच कळतं, आणि खोटं वाटतं. 'माका खूप आनंद झाला गो' असं कुडाळात कोणी बोलत नाही. नेमकं उलटं करा. नामं साधी घ्या, सगळ्यांच्या घरातली: नारळ, ओटी, केस, वाट. आणि क्रियापदं, प्रत्यय अस्सल ठेवा: हाडलंस, जातलंस, गवरीक. मालवणीचा सूर तिथे आहे.

रांगडा_पन्हाळा

आणि वस्त्रहरणाचं काय? त्यात तर सगळं अस्सल होतं.

मांगरवालो

होतं. पण गोष्ट कोणती? गावातली माणसं द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतायत. दुर्योधन कोण, द्रौपदी कोण, पुढे काय होणार, हे प्रेक्षकाला घरून माहीत असतं. त्यामुळे शब्द निसटला तरी धागा सुटत नाही, आणि समोर नट आहे, त्याचे हातवारे आहेत. दशावतारातही तसंच, आख्यान पुराणातलं असतं. गाण्याला हातवारे नाहीत. निदान गोष्ट तरी ओळखीची घ्या. माहेराहून आलेली बाई, तिने काय आणलं, कोणाला देणार. हे अमरावतीतही कळतं.

तापीकाठ

माझाच अनुभव सांगतो. मी अहिराणीत लग्नाची गाणी लिहितो. पुण्यात एका लग्नात म्हटली तर लोक म्हणाले, ही गुजराती आहे का? तेव्हापासून मी गाण्याआधी दोन मिनिटं गोष्ट सांगतो. मालवणी तर त्या मानाने खूप सोपी, तुमच्यामागे नाटकं-मालिका आहेत. आम्हाला विचारतं कोण! असो. तुम्हीही आधी गोष्ट सांगा की.

पाटची_पोर

तापीकाठ, फुगडी सुरू होण्याआधी माइक माझ्या हातात नसतो, अध्यक्षांच्या हातात असतो. आणि तो त्यांच्याकडून सुटत नाही.

मांगरवालेकाका, म्हणजे पहिलं कडवं पूर्ण टाकू? मांगर, वायंगण हे शब्द आता फारसे कानावर पडत नाहीत, म्हणूनच घातले होते.

मांगरवालो

टाका. म्हणजे वहीत ठेवा, दुसऱ्या गाण्याला होतील. त्या कडव्यात काही घडतच नाही, नुसत्या वस्तू मांडून ठेवल्यात. फुगडीत दोन बाजू असतात, एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. हा साचाच तुमचं काम करील. प्रश्नात कठीण शब्द घाला आणि उत्तर असं द्या की प्रश्न आपोआप उलगडेल.

— खयसून इलंस गो, खयसून इलंस?
— मालवणासून इलंय गो, मालवणासून इलंय.

आता 'खयसून' कोणाला सांगायला हवं का? उत्तरात गावाचं नाव आलं, प्रश्न 'कुठून' असाच असणार. 'इलंस-इलंय' तर चार वेळा आलं. पण इथे परुळं घालू नका. बाहेरच्याला परुळं हे गाव आहे हेच माहीत नाही, मग उत्तरही कोडं होतं. मालवण सगळ्यांना माहीत. एकदा साचा कानात बसला की पुढच्या कडव्यात खुशाल आईचं गाव घाला.

तबलजी_तात्या

भाषेतलं मला कळत नाही, तालातलं सांगतो. इथे मात्रा मोजत बसू नका. फुगडीत टाळी आणि पाय यांचा ठोका असतो, तो कुठल्या अक्षरावर पडतो ते बघा. वरच्या ओळीत चार ठोके: खय, इ, खय, इ. 'खयसून'ऐवजी 'कुठून' घालून म्हणून बघा. ठोका 'कु'वर पडतो, तो ऱ्हस्व, आणि आवाज 'ठू'वर लांबतो. ओळ लंगडते. तोंडात 'खय' हे 'खै' असं जड होऊन येतं, ठोका त्यावर नीट बसतो.

'माका'चंही तसंच. 'मला' ऱ्हस्वाने सुरू होतो, 'माका' दीर्घाने. म्हणून मालवणी ओळीत नुसता 'माका' काढून 'मला' घातला की बायका गाताना 'माला' म्हणायला लागतात. 'तुका' आणि 'तुला' मात्र एकाच वजनाचे, तिथे अदलाबदल झाली तरी ताल बिघडत नाही. सोपं करायचंच असेल तर आधी असे शब्द बदला.

मेलबर्नकर

मस्त धागा. माझ्या मुलीच्या शाळेत कल्चरल डे आहे. तयार मालवणी गाण्यांची यादी कोणी देईल का? कराओके असेल तर उत्तम.

वऱ्हाडी_ठेचा

@मेलबर्नकर, इथे गाणं तयार व्हायचंय अजून!

मालवणासूनच्या दोन ओळी पहिल्या फटक्यात समजल्या. पण हे सांगा, 'इलंस'मधला लं नाकात म्हणायचा का? आणि 'गो' बाईलाच म्हणतात ना? कोळीगीतांमुळे तेवढं माहीत आहे.

मांगरवालो

होय, बाईलाच. लं नाकातलाच, पण लांब सुरावर नाकातला स्वर धरला की शब्द पुसट होतो. म्हणून जिथे सूर लांबवायचा तिथे 'गो', 'माझो', 'इलो' असले मोकळे ओ-आ येऊ द्यावेत आणि 'इलंय' झटकन उरकावं. जुन्या बायका हे न शिकवता करतात.

पाटची_पोर

रात्री बसून लिहिलं. आईने दोन ठिकाणी हात फिरवला.

— खयसून इलंस गो, खयसून इलंस?
— मालवणासून इलंय गो, मालवणासून इलंय.

— ओटीत काय गो हाडलंस, ओटीत काय?
— शेंडीवाले नारळ गो, बघतंस काय?

— कोणाक गो देतलंस, कोणाक गो?
— पयलो देतलंय गवरीक, दुसरो तुका गो.

— केसात काय गो माळलंस, केसात काय?
— ओवळाचो वळेसार गो, वास इलो काय?

— परत खय गो जातलंस, परत खय?
— घोव माझो बोटीर गो, वाट बगता थय.

वऱ्हाडी_ठेचा

हे घ्या, पुन्हा एका वाचनात:

हाडलंस म्हणजे आणलंस, नारळ आल्यावर कळलं. आधी क्षणभर हाडं आठवली, पण ओटीत हाडं कोण नेणार. गवरीक म्हणजे गौरीला. आणि 'तुका' तिच्या जोडीला आला म्हणून क म्हणजे ला हे तिथेच पक्कं झालं. 'पयलो-दुसरो' गोड आहे. 'खय'ला 'थय' जोडल्यामुळे थय म्हणजे तिथे हेही लागलं.

ओवळाचो वळेसार नाही समजलं. पण केसात माळलाय आणि वास येतोय, म्हणजे गजरा. कुठल्या फुलाचा ते नाही कळलं, आणि नाही कळलं तरी अडलं नाही. या वेळी सोवळं-ओवळं आठवलं नाही हेही सांगतो.

एक अडचण आहे. 'घोव' वाचल्याबरोबर मला ती प्रसिद्ध शिवी आठवली.

रांगडा_पन्हाळा

हा हा, मलाही! बायका फुगडी सोडून हसत सुटतील. 'नाखवा' घाला ना. होडीवरचा नवरा म्हणजे नाखवा, सगळ्यांना माहीत.

मांगरवालो

नाखवा मुंबई-रायगडच्या कोळ्यांचा. मालवणच्या गाण्यात तो आला की गाणं एकदम वरच्या किनाऱ्यावर जाऊन बसतं. आमच्याकडे मासेमारी मुख्यतः गाबीत समाजाची, आणि बोटीवर तांडेल, खलाशी म्हणतात. 'तांडेल माझो बोटीर गो' चालेल, पण मग नवरा हे कळणार नाही, कोणी कामगार वाटेल.

घोव हा आमचा रोजचा, सभ्य शब्द. बाहेर तो फक्त शिवीतून पोचला याला आमचा इलाज नाही. मी तो ठेवीन. 'घो' असा तोडून म्हटला की शिवी आठवते. 'घोव'मधला व ऐकू आला आणि लगेच 'माझो' आलं की तितकी नाही. शिवाय हे शेवटचं कडवं आहे, तोवर ऐकणाऱ्याला कळलेलं असतं की बाई सरळ बोलतेय.

पाटची_पोर

आई म्हणते ठेव. सासूबाई (कऱ्हाडच्या) म्हणतात काढ. सध्या ठेवलाय.

बांदा_नाका

उशिरा आलो. हे कुठलं मालवणी? आमच्याकडे बांद्याला बायका असं बोलत नाहीत, आमची बोली गोव्याकडे झुकलेली. कणकवली-देवगडचा माणूस आणखी तिसरं बोलतो. १९८१ मध्ये रत्नागिरीतून जिल्हा वेगळा काढला, पण बोली काही जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. तुमच्या गाण्यात कुडाळ, मालवण, वेंगुर्लं सगळं एकत्र शिजलंय. लोकगीत म्हणायचं तर एका गावचं हवं.

मांगरवालो

तक्रार बरोबर. पण बाईंना ऐकवायचंय साताऱ्याच्या बायकांना, त्यांना बांदा आणि कुडाळ यांत फरक कळणार नाही. आपल्या माणसाला कळेल, म्हणून मी एवढंच म्हणेन: रूपं एकाच घरातली ठेवा. आई जशी बोलते तशी. एका ओळीत आईचं, दुसरीत टीव्हीवरचं, असं नको. वळेसार तर तुमच्याच बाजूचा, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात विकायला बसतात. तो राहू दे.

बांदा_नाका

वळेसार आहे म्हणूनच एवढं तरी वाचलं. 'बघतंस' आणि 'बगता' दोन्ही लिहिलंय, एक काय ते ठरवा. आणि नुसता वळेसार म्हटला तरी आमच्या बायकांना कळतं, 'ओवळाचो' घातल्यामुळे ओळ जड झाली.

तबलजी_तात्या

जड नाही. 'ओवळाचो वळेसार' यात व-ळ, व-ळ असं दोनदा येतं, ठोक्यावर छान लोळतं. काढू नका.

पाटची_पोर

बगतंस-बगता करते, आई 'ग'च म्हणते. ओवळाचो राहू दे, तात्यांच्या भरवशावर.

काल तिघींना उभं करून म्हणून बघितलं. दुसऱ्या फेरीला अमरावतीच्या वहिनी प्रश्न स्वतःच विचारायला लागल्या, आणि त्यांनी न शिकवता 'बोटीत काय गो हाडलंस' असा नवा प्रश्न घातला. उत्तर कोणालाच सुचेना, मग इंदूरच्या ताईंनी 'बांगडो' म्हणून दिलं. गौरीपुढे बांगडो चालतो का हा वाद अजून मिटलेला नाही.

एकच जागा अडते. 'पयलो देतलंय गवरीक' इथे सगळ्या 'देतलंय' म्हणजे 'दिलंय' समजल्या. नारळ आधीच देऊन झाला असं.

मांगरवालो

हं, ते होणारच. 'दिलंय' तुमच्या कानात बसलंय. आमच्या भविष्यकाळात 'लं', 'ली' येतात, तुमच्याकडे शेवटी 'लं', 'ली' आलं की झालेलं काम. देतलंय, जातलंस, येतली, सगळीकडे हा धोका. दोन वाटा. 'देतलंय' काढून 'पयलो नारळ गवरीक गो, दुसरो तुका गो' करा, क्रियापदच नको. नाहीतर प्रश्नात 'उद्या' घाला: 'उद्या कोणाक देतलंस गो'. मी पहिली वाट घेईन, तालही सुटसुटीत होतो. प्रश्नातलं 'देतलंस' राहू दे, तिथे 'कोणाक' सांभाळून घेतो.

'जातलंस'ला 'परत खय' आहे, पण तिथेही कोणी 'गेलीस' समजतं का ते विचारून बघा.

रांगडा_पन्हाळा

शेवट जोरदार करा राव. गाऱ्हाणं घाला! एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा'. महाराष्ट्रात सगळ्यांना येतं ते, समजावायची गरजच नाही.

मांगरवालो

येतं सगळ्यांना, खरं आहे. पण गाऱ्हाणं देवाला घालतात, गावच्या वतीने, मानकरी उभा राहून. फुगडीच्या शेवटी ते चिकटवलं की गंमतीचं होतं. नाटकात करतात, तिथे ठीक. गौरीसमोर मी करणार नाही.

बांदा_नाका

आमच्याकडे हल्ली वाढदिवसाला पण घालतात गाऱ्हाणं. तुमका पटना नाय तर पटना नाय.

पाटची_पोर

विचारलं. 'परत खय गो जातलंस' तिघींपैकी दोघींना 'परत कुठे जाणार' असंच कळलं, वहिनींना 'कुठे गेली होतीस' वाटलं. 'उद्या खय गो जातलंस' करून बघितलं, मग तिघींना कळलं. पण आई म्हणते 'परत' गेला तर माहेराहून सासरी परत जायचं आहे हेच जातं. 'उद्या परत खय गो' म्हटलं तर तात्या ओरडतील?

तबलजी_तात्या

'उद्या'वर ठोका घ्या आणि 'परत' पटकन म्हणा. ओरडणार नाही. पण 'गो' एकच ठेवा त्या ओळीत.

वऱ्हाडी_ठेचा

आणि बांगडो ठेवा. गौरीला नको असेल तर 'तुका' द्या.